सुट्टीत अडकलेला धनादेश आणि विलंबशुल्क : एका क्रेडिट कार्ड कंपनीस खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
क्रेडिट कार्ड वितरित करणारी कंपनी

विषय : एप्रिल २०२५ मधील बँक-सुट्ट्यांमुळे उशिरा जमा झालेल्या धनादेशावरील विलंबशुल्क, त्यावरील कर आणि व्याज रद्द करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या एका कार्डधारकाच्या खात्यावर एप्रिल २०२५ मध्ये विलंबशुल्क आकारले गेले असून, ते माफ करावे ही विनंती या पत्रात केली आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण असे की, ज्या कारणाने हे शुल्क लागले ते कारण एका खात्यापुरते नाही. धनादेशाने बिल भरणारा कोणताही ग्राहक सलग सुट्ट्यांच्या आठवड्यात त्याच जागी सापडू शकतो. विनंती दयेवर आधारलेली नाही. धनादेश दिला जाण्याचा दिवस आणि त्याचे पैसे जमा होण्याचा दिवस यांत जे अंतर पडते त्याची जबाबदारी कोणाची, हा तिच्यामागचा मूळ प्रश्न आहे आणि पत्रातील सर्व मांडणी त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने केली आहे.

प्रथम घटनाक्रम. संबंधित खात्याचे मासिक विवरणपत्र, म्हणजे ज्याला व्यवहारात स्टेटमेंट म्हणतात ते, २१ मार्च २०२५ रोजी निघाले. त्यात एकूण देय रक्कम २४,००० रुपये आणि देय दिनांक १० एप्रिल दाखवला होता. पूर्ण रकमेचा धनादेश ९ एप्रिलला, बुधवारी दुपारी, कंपनीने बिलाच्या मागील बाजूस नमूद केलेल्या शाखेतील धनादेश-पेटीत टाकण्यात आला. त्या पेटीतून धनादेश गोळा करण्याची वेळ दुपारी दोनची असल्याने तो त्या दिवशीच्या गठ्ठ्यात गेला नाही. गुरुवारी, १० एप्रिलला, महावीर जयंतीनिमित्त महाराष्ट्रातील बँका बंद होत्या. शुक्रवारी, ११ एप्रिलला, धनादेश पेटीतून निघाला आणि संध्याकाळी समाशोधनासाठी गेला. १२ एप्रिल हा महिन्यातील दुसरा शनिवार होता, १३ तारखेला रविवार होता आणि १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. त्यामुळे धनादेशाचे पैसे कार्डखात्यात जमा झाले ते थेट मंगळवारी, १५ एप्रिलला. धनादेश पहिल्याच सादरीकरणात वटला आणि ग्राहकाच्या बँकखात्यात ९ तारखेपासून १५ तारखेपर्यंत पुरेशी रक्कम सलग होती.

समाशोधन, म्हणजेच क्लिअरिंग, ही एका बँकेत जमा केलेला धनादेश ज्या बँकेवर काढला आहे त्या बँकेकडून पैसे मिळवण्याची व्यवस्था आहे. चेक ट्रंकेशन सिस्टिम आल्यापासून कागदी धनादेश एका बँकेतून दुसऱ्या बँकेत प्रत्यक्ष प्रवास करत नाही. त्याची प्रतिमा आणि खालच्या पट्टीवरील चुंबकीय शाईतील आकडे तेवढे पाठवले जातात. एप्रिल २०२५ मध्ये हे काम गठ्ठ्यांनी चालत असे. एका कामाच्या दिवशी सादर केलेला धनादेश पुढच्या कामाच्या दिवशी वटत किंवा परत येत असे. येथे ‘कामाचा दिवस’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण समाशोधनाच्या हिशेबात सुट्टीचा दिवस अस्तित्वातच नसतो, तर बिलाच्या देय दिनांकाच्या हिशेबात तो इतर दिवसांसारखाच मोजला जातो. प्रस्तुत प्रकरणातील विलंब या दोन दिनदर्शिकांच्या विसंगतीतून उद्भवला आहे.

ही विसंगती किती परिणामकारक ठरली हे पाहण्यासाठी विलंबशुल्काचा नियम लक्षात घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये घालून दिलेल्या आणि २०२२ च्या क्रेडिट व डेबिट कार्डविषयक निर्देशांत कायम ठेवलेल्या नियमानुसार, कार्डखाते देय दिनांकानंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकीत राहिले तरच विलंबशुल्क आकारता येते आणि तरच पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे कर्जदारांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे, ते खाते थकीत म्हणून कळवता येते. मात्र एकदा तीन दिवस उलटले की थकीत दिवसांची मोजणी मूळ देय दिनांकापासूनच होते. नियमात ‘दिवस’ एवढाच शब्द आहे, ‘कामाचे दिवस’ असे म्हटलेले नाही, आणि आपल्या कंपनीच्या संगणकप्रणालीनेही ते दिनदर्शिकेतील दिवस म्हणूनच मोजले आहेत.

त्या मोजणीने पाहता ११, १२ आणि १३ एप्रिल हे सवलतीचे तीन दिवस झाले आणि १४ तारखेला खाते शुल्कपात्र ठरले. या तीन दिवसांपैकी समाशोधन चालू असलेला दिवस एकच होता, तो ११ एप्रिल. उरलेले दोन दिवस शनिवार-रविवारचे, आणि ज्या दिवशी शुल्क लागू झाले तो चौथा दिवसही सार्वजनिक सुट्टीचा. याचा सरळ अर्थ असा की, ज्या दिवशी कंपनीच्या शाखा बंद होत्या, समाशोधनगृह बंद होते आणि धनादेशाचे पैसे कोणत्याही मार्गाने कंपनीपर्यंत पोहोचू शकत नव्हते, त्या दिवशी पैसे न पोहोचल्याबद्दल ग्राहकाला दंड झाला. सुट्ट्या नसत्या तर हाच धनादेश १० तारखेला पेटीतून निघून ११ तारखेला जमा झाला असता, विलंब एका दिवसाचा राहिला असता आणि शुल्काचा प्रश्नच उद्भवला नसता. म्हणून विलंबशुल्कापुरते पाहिले तर त्याचे कारण सुट्ट्याच आहेत.

धनादेश खरोखर ९ तारखेला टाकला होता याचा पुरावा काय, असा प्रश्न कंपनीकडून येणे रास्त आहे, कारण पेटीत टाकलेल्या धनादेशाची पोच मिळत नाही आणि धनादेशावर लिहिलेली तारीख ही तो लिहिल्याची तारीख असते, दिल्याची नव्हे. या बाबतीत रिझर्व्ह बँकेने बँकांना पूर्वीपासून सांगितले आहे की, पेटी ठेवली तरी काउंटरवर धनादेश देऊन भरणा-पावतीवर पोच घेण्याची सोय नाकारता येणार नाही आणि तशी सूचना पेटीवर लिहिलेली असावी. पोच नसली तरी पुरावा अगदीच नसतो असेही नाही. पेटी उघडल्याची नोंद गोळा करणाऱ्या संस्थेकडे असते, धनादेशाची प्रतिमा घेतल्याची वेळ प्रणालीत उमटते, आणि पैसे वजा झाल्याचा दिवस ग्राहकाच्या पासबुकात दिसतो. प्रस्तुत धनादेश ११ तारखेच्या पहिल्या गठ्ठ्यात सापडला आहे. म्हणजे तो ९ तारखेच्या दुपारी दोननंतर आणि ११ तारखेला पेटी उघडण्यापूर्वी टाकला गेला. मधला दिवस शाखा बंद असल्याने, ग्राहकास सर्वांत प्रतिकूल असे गृहीत धरायचे झाले, तरी तो फार तर ११ तारखेच्या सकाळी टाकला गेला असेल. आणि तसे मानले तरीही धनादेश सवलतीच्या तीन दिवसांच्या आतच कंपनीच्या ताब्यात आलेला होता. शुल्काचा निर्णय या संशयाच्या कोणत्याही बाजूने घेतला तरी बदलत नाही.

येथे कायद्याची स्थिती प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे, कारण सुट्टी आली की मुदत आपोआप पुढे जाते असा सर्वसाधारण समज आहे आणि तो पूर्णतः बरोबर नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम १० नुसार, एखादी गोष्ट न्यायालयात किंवा कार्यालयात ठरावीक दिवशी करायची असेल आणि ते त्या दिवशी बंद असेल, तर ते उघडल्यावर पुढच्या दिवशी केलेली कृती वेळेत झाली असे मानले जाते. परंतु हे कलम कायद्यांनी घालून दिलेल्या मुदतींसाठी आहे. दोन पक्षांमधील खासगी करारातल्या मुदतीला ते आपोआप लागू होत नाही. उलट १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम २५ सांगते की, वचनचिठ्ठी किंवा हुंडीसारख्या विनिमयपत्राची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी संपली असे धरावे. एक कायदा सुट्टीचा भार पुढे ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो. क्रेडिट कार्डाचे बिल मात्र न्यायालयातील कृती नाही आणि वचनचिठ्ठीही नाही, म्हणून ते दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते. ही मोकळी जागा शेवटी कार्ड-कराराने, म्हणजे कंपनीने स्वतः लिहिलेल्या अटींनी, भरली जाते. अटी लिहिणारा पक्ष एकच असल्याने त्या अटी सुट्टीच्या बाबतीत गप्प असतील तर त्या मौनाचा तोटा दुसऱ्या पक्षाने सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

कराराच्या सामान्य कायद्यात मात्र या प्रश्नाचे बरेच स्पष्ट उत्तर सापडते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ५० नुसार, ज्याला वचन दिले आहे त्याने सांगितलेल्या किंवा संमती दिलेल्या पद्धतीने आणि वेळी वचनाची पूर्तता करता येते. त्या कलमाखालील एका उदाहरणात असे सांगितले आहे की, धनकोने ऋणकोला शंभर रुपयांची नोट टपालाने पाठवण्यास सांगितले असेल, तर योग्य पत्ता लिहिलेले, नोट घातलेले पत्र टपालात टाकताक्षणी ऋण फिटते. म्हणजे पैसे कोणत्या मार्गाने यावेत हे धनकोने निवडले असेल, तर त्या मार्गावरील पुढचा प्रवास ऋणकोच्या माथी येत नाही.

हेच तत्त्व धनादेशाला कसे लागू होते, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ओगले ग्लास वर्क्सच्या प्रकरणात केला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा हा कारखाना प्रभाकर कंदिलामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. तो तेव्हाच्या औंध संस्थानात होता आणि भारत सरकारला माल पुरवीत असे. मालाची किंमत मुंबईतील बँकेवरील धनादेशाने पाठवावी, अशी विनंती कारखान्याने केली होती आणि सरकार त्याप्रमाणे दिल्लीहून टपालाने धनादेश पाठवीत असे. हे उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाले की संस्थानात, हा प्राप्तिकराचा मुद्दा होता. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, धनकोच्याच विनंतीवरून धनादेश टपालाने पाठवला असेल तर टपालखाते हे धनकोचे प्रतिनिधी ठरते, म्हणून टपालात टाकणे म्हणजेच धनकोला देणे. दुसरी अशी की, धनादेश ही सशर्त फेड असली, म्हणजे तो न वटल्यास ऋण पुन्हा उभे राहत असले, तरी तो वटला असेल तर फेडीचा दिवस मागे जाऊन धनादेश दिल्याच्या दिवसाशी जुळतो.

या निर्णयाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. तो करप्रकरणातील आहे, आणि ‘रक्कम प्रत्यक्ष जमा होईल तोच भरणा-दिनांक’ अशी स्पष्ट अट करारात घातलेली असेल तर त्या अटीला आपले वजन राहतेच. आपल्या कंपनीच्या अटींतही तशा आशयाचे वाक्य आहे. म्हणून हा निर्णय पुढे करून हक्काचा दावा येथे मांडलेला नाही. तथापि कंपनीला स्वेच्छेने निर्णय घ्यायचा असताना कोणता दिवस फेडीचा मानणे न्याय्य, याचे मार्गदर्शन त्यातून निश्चित मिळते. बिलाच्या मागे धनादेश-पेटीचा पत्ता छापणे ही कंपनीने दिलेली संमती आहे. पेटी कंपनीच्या नियंत्रणात आहे. ती किती वाजता उघडायची हे कंपनी ठरवते. त्या पेटीत पडलेला आणि नंतर विनाअडथळा वटलेला धनादेश पेटीत पडला त्या दिवशीच कंपनीच्या हाती आला, असे मानण्यात तर्काला कोठेही ताण द्यावा लागत नाही.

यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे येईल. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, खात्यातून ठरल्या तारखेला रक्कम वळती करणारी नॅच व्यवस्था १ ऑगस्ट २०२१ पासून सर्व दिवस चालते, यूपीआयला सुट्टी ठाऊकच नाही. मग ग्राहकाने धनादेशाचाच मार्ग का धरावा, असे विचारले जाईल. आक्षेपात तथ्य आहे, पण तो धनादेश स्वीकारणे बंद केलेल्या कंपनीच्या तोंडी शोभेल. जोवर धनादेश हा भरण्याचा मान्य मार्ग म्हणून छापला जातो, तोवर तो निवडणाऱ्या ग्राहकाला इतर मार्ग वेगवान आहेत या कारणाने दंड करता येत नाही. ज्येष्ठ नागरिक, मोबाइलवरून व्यवहार करण्याची धास्ती वाटणारे आणि फसवणुकीचा अनुभव घेतलेले अनेक ग्राहक विचारपूर्वक धनादेशच वापरतात, आणि त्यांच्यासाठीच हा मार्ग खुला ठेवलेला आहे.

अमेरिकेतील नियम या भेदावरच बेतलेला आहे. तेथील क्रेडिट कार्डविषयक २००९ च्या कायद्यानुसार, देय दिनांक अशा दिवशी येत असेल की ज्या दिवशी कंपनी टपालाने आलेले भरणे स्वीकारत नाही, तर पुढच्या कामाच्या दिवशी टपालाने पोहोचलेला भरणा उशिरा आला असे मानता येत नाही. त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक भरणा स्वीकारला जात असेल तर इलेक्ट्रॉनिक मार्गाला ही सवलत देण्याचे बंधन नाही. मार्ग बंद असेल तर त्या मार्गापुरती मुदत पुढे, एवढाच हा साधा नियम आहे, आणि तो राबवण्यासाठी कंपनीला सुट्ट्यांच्या यादीपलीकडे कशाचीही गरज पडत नाही.

आता मागणीच्या व्याप्तीकडे वळणे आवश्यक आहे, कारण ‘विलंबशुल्क माफ’ या शब्दांनी ग्राहकाचे नुकसान भरून निघते असे वाटते, पण प्रत्यक्षात तसे होत नाही. बिल देय दिनांकापर्यंत पूर्ण भरले तरच खरेदीवर व्याज लागत नाही. या काळाला व्याजमुक्त कालावधी म्हणतात. पूर्ण रक्कम वेळेत आली नाही तर बहुतेक कार्ड-करारांप्रमाणे व्याज देय दिनांकापासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून लागते. रिझर्व्ह बँकेचा तीन दिवसांचा नियम विलंबशुल्क आणि पतनोंद यांच्याविषयी बोलतो. त्याच्या आधाराने व्याज थांबत नाही. त्यामुळे पाच दिवसांच्या विलंबाचा परिणाम कितीतरी अधिक दिवसांच्या व्याजात होतो.

प्रस्तुत खात्याचा हिशेब पूर्ण रुपयांत असा होतो. २४,००० रुपयांची सर्व रक्कम ६ मार्चच्या एकाच खरेदीची होती आणि भरणा १५ एप्रिलला नोंदला गेला, म्हणजे व्याजाचे दिवस ४० झाले. मासिक साडेतीन टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के दराने या ४० दिवसांचे व्याज सुमारे १,१०५ रुपये होते आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सुमारे १९९ रुपये. विलंबशुल्क ९५० रुपये आणि त्यावरील कर १७१ रुपये. एकूण बोजा सुमारे २,४२५ रुपये, म्हणजे बिलाच्या एकदशांशाहून किंचित अधिक. कंपनीने केवळ ९५० रुपये परत केले तर सुमारे १,४७५ रुपये ग्राहकाच्या अंगावर उरतात. शिवाय मधल्या काळातील नव्या खरेदीवरचा व्याजमुक्त कालावधीही गेलेला असतो, आणि त्याचा परिणाम पुढच्या विवरणपत्रात उमटतो. व्याजाचा दर किती असावा याबद्दल या पत्रात वाद नाही. व्याज सुरू होण्याचे कारणच अस्तित्वात नव्हते, एवढाच मुद्दा आहे.

येथे शुल्क आणि व्याज यांच्या मागण्यांचा पाया थोडा वेगळा आहे, हे स्पष्ट करणे उचित होईल. शुल्काची माफी केवळ सुट्ट्यांच्या आधारावर उभी राहते, कारण सुट्ट्या वगळल्या तर सवलतीचे दिवस संपतच नाहीत. व्याजाची माफी मात्र धनादेश दिल्याचा दिवस हाच भरण्याचा दिवस मानण्यावर अवलंबून आहे. तो ९ एप्रिल मानला की भरणा देय दिनांकाच्या आदल्या दिवशी झालेला ठरतो आणि व्याजाचा संपूर्ण डोलारा आपोआप खाली येतो. दोन्ही मागण्या एकत्र करण्याचे कारण हेच की, एकाच धनादेशाला शुल्कासाठी वेळेतला आणि व्याजासाठी उशिराचा मानणे विसंगत ठरेल.

माफी कोणत्या स्वरूपात नोंदवली जाते यालाही महत्त्व आहे. सद्भावनेपोटी दिलेली सूट म्हणून ९५० रुपये खात्यात जमा केले, तर मूळ आकारणी योग्यच होती असा अर्थ राहतो आणि तिच्यावरील कर तसाच राहण्याची शक्यता असते. आकारणीच चुकीची होती म्हणून ती उलटवली, तर वस्तू व सेवा कर कायद्यातील जमापत्राच्या तरतुदीनुसार तिच्यावरील करही उलटवता येतो. त्यामुळे शब्द ‘सूट’ हा नसावा, आकारणी ‘रद्द’ झाली असे विवरणपत्रात स्पष्ट दिसावे.

पतनोंदीचा मुद्दाही याच क्रमाने येतो. १ जानेवारी २०२५ पासून पतमाहिती कंपन्यांना महिन्यातून दोनदा, म्हणजे १५ तारखेची आणि महिन्याच्या अखेरच्या दिवसाची, स्थिती कळवली जाऊ लागली होती. पैसे १५ एप्रिललाच जमा झाले असल्याने, त्या दिवशीची नोंद भरणा खात्यावर चढण्यापूर्वी घेतली गेली असेल तर खाते पाच दिवस थकीत म्हणून गेलेले असू शकते. ग्राहकाला हे विवरणपत्रावरून कळत नाही. पतअहवाल मागवल्यावरच कळते, आणि बहुधा घरकर्जाचा अर्ज करताना कळते. म्हणून ही नोंद गेली आहे का हे तपासण्याचे काम प्रथम कंपनीचे आहे.

या सर्व विवेचनाच्या आधारे संबंधित कार्डधारकाच्या खात्याबाबत पुढील विनंत्या करण्यात येत आहेत.

१. १४ एप्रिल २०२५ पासून लागू केलेले ९५० रुपयांचे विलंबशुल्क आणि त्यावरील १७१ रुपयांचा कर रद्द करावा.

२. भरण्याचा दिनांक ९ एप्रिल धरून ६ मार्चपासूनचे व्याज, त्यावरील कर आणि नव्या खरेदीवर लागलेले व्याज उलटवावे व व्याजमुक्त कालावधी पूर्ववत करावा.

३. पतमाहिती कंपन्यांकडे थकीत दिवसांची नोंद गेली असल्यास ती दुरुस्त करून तसे लेखी कळवावे.

या विनंत्यांसोबत धनादेशाची छायाप्रत, पैसे वजा झाल्याचे पासबुकाचे पान आणि दोन्ही विवरणपत्रे जोडली आहेत. पेटी उघडल्याची आणि धनादेशाची प्रतिमा घेतल्याची नोंद कंपनीकडे असल्याने ती कंपनीने तपासावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेकडे जाण्याचा मार्ग ग्राहकाला आहे, पण तेथे जाण्याची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे, कारण प्रश्न कंपनीच्याच पातळीवर सुटण्यासारखा आहे.

एका खात्यापलीकडे पाहता, कंपनीने दोन सुधारणा कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली अशी की, बिलावर देय दिनांकाबरोबरच धनादेश पेटीत टाकण्याची शेवटची वेळही छापावी. बँकांच्या सुट्ट्यांची यादी वर्षाच्या आरंभीच ठाऊक असल्याने विवरणपत्र काढतानाच हा हिशेब करता येतो. एप्रिल २०२५ च्या प्रस्तुत बिलाबाबत तो असा झाला असता : १० तारखेला सुट्टी, म्हणून पैसे ९ तारखेला जमा व्हायला हवेत, त्यासाठी धनादेश ८ तारखेला समाशोधनात जायला हवा, म्हणजे तो ८ एप्रिलला दुपारी दोनपूर्वी पेटीत पडायला हवा. बिलावर ‘देय दिनांक १० एप्रिल’ एवढेच वाचणाऱ्या ग्राहकाला हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. प्रणालीला मात्र ते २१ मार्चलाच कळू शकत होते.

दुसरी सुधारणा अशी की, धनादेशाने केलेल्या भरण्यापुरते सवलतीचे तीन दिवस कामाचे दिवस म्हणून मोजावेत. रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाला किमान संरक्षण देतो. त्याहून अधिक देण्यास तो कंपनीला मनाई करत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन गठ्ठ्यांऐवजी दिवसभर सलग होऊ लागले असून, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत सादर झालेल्या धनादेशाचा निकाल त्याच दिवशी लागतो. त्यामुळे मधला एक दिवस वाचला आहे आणि ही सुधारणा कंपनीला पूर्वीपेक्षा स्वस्त पडेल. परंतु सलग समाशोधनही सुट्टीच्या दिवशी चालत नाही, आणि पेटी बंद शाखेत असेल तर तीही उघडत नाही. म्हणून सुट्ट्यांच्या आठवड्यातील मूळ अडचण शिल्लकच राहते.

विलंबशुल्काचा हेतू ग्राहकाने वेळेवर पैसे द्यावेत हा आहे. ज्याने पैसे दिले, ज्याचा धनादेश वटला आणि ज्याच्या खात्यातील रक्कम केवळ समाशोधन बंद असल्यामुळे पुढे सरकली नाही, त्याच्याकडून हे शुल्क घेतल्याने तो हेतू साधत नाही. म्हणून वरील तीन विनंत्या मान्य करून दुरुस्त विवरणपत्र पाठवावे, आणि सुचवलेल्या दोन सुधारणांबाबत कंपनीचा निर्णय सर्व कार्डधारकांना कळेल अशा रीतीने जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,

संबंधित कार्डधारक